दोरीला टांगलेला चेंडू

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बारा वर्षांच्या क्रिकेटवेड्या मुलाला वाढदिवसाला दोरीचा चेंडू द्यावा. छताच्या हुकाला तो गुडघ्याच्या उंचीवर टांगायचा. बॅट फिरेल एवढी मोकळी जागा भोवती हवी.

सरळ बॅटने हलकेच टोलवलेला चेंडू सरळ जाऊन सरळच परततो. तो गोल फिरू लागला, की बॅट तिरकी लागली हे मुलाला तिथल्या तिथे कळतं. मात्र टप्प्याचा अंदाज यातून येत नाही.

त्यासाठी जोडीला एक स्टंप आणि मऊ चेंडू द्यावा. डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरलच्या घरी पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू आपटत आणि उसळून आलेला चेंडू स्टंपने टोलवत. काचांच्या घरात मात्र गोल्फचा चेंडू नको, मऊच बरा.