ऑफिसात ‘नमस्कार’ म्हणायचं, ‘नमस्ते’ की ‘गुड मॉर्निंग’?

हिंजवडीतली आठ जणांची टीम समजा. तिघे मराठी, एक लखनऊची, एक इंदूरचा, बाकी तिघे चेन्नई, कोची आणि हैदराबादचे. सोमवारी सकाळी दहाचा कॉल. पहिल्या दोन मिनिटांत तिघा मराठी सहकाऱ्यांच्या गप्पा रंगतात. एकेक जण जोडला जातो, पण गप्पांची भाषा बदलत नाही. मग कुणीतरी ‘चलो, शुरू करते हैं’ म्हणतं. चेन्नईचा सहकारी तेव्हाही माइक बंद ठेवूनच बसलेला असतो.

इथे एक गैरसमज आहे. मराठी सोडून हिंदी धरली की सगळे सामावले गेले, असं आपल्याकडे गृहीत धरतात. पण चेन्नईत वाढलेल्या अनेकांना हिंदीही तितकीच परकी असते.

त्यामानाने ‘नमस्कार’ बराच लांबवर जातो. कन्नड, बंगाली, ओडियात थोड्याफार उच्चारभेदाने तोच शब्द आहे. तेलुगू आणि मल्याळममध्ये ‘नमस्कारम्’. तमिळमध्ये मात्र ‘वणक्कम्’. म्हणजे आठही जणांना कळेल अशी सुरुवात मराठीतूनच होऊ शकते. पुढचं वाक्य कोणत्या भाषेत येतं, तिथे खरी गडबड होते. या टीमच्या कॉलवर ते इंग्रजीत यावं. आधीच्या गप्पा मराठीत चालू द्या, पण नवा माणूस आला की विषय काय चाललाय ते एका वाक्यात त्याला इंग्रजीत सांगा. कोण सतत गप्प असतं, कोण ग्रुपवर फक्त अंगठा दाखवतं, यावरून कोण बाहेर राहिलंय ते ओळखता येतं.

समोरासमोर एकच जण असेल तर वेगळा हिशेब. आडनाव पाहून भाषा ठरवू नका. पुण्यातच शिकलेल्या नायर किंवा रेड्डी आडनावाच्या सहकाऱ्याशी सगळे हटकून इंग्रजीत बोलतात आणि बाजूच्या जोशींशी मराठीत. ‘तू इथली नाहीस’ हे न बोलता सांगण्याचा हा प्रकार आहे. उलट, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या सफाई कर्मचारी मावशी मराठी असूनही आपण त्यांना ‘नमस्ते, कैसे हो’ विचारतो! त्यापेक्षा ‘नमस्कार’ म्हणून थांबा. उत्तर ज्या भाषेत येईल, त्या भाषेत पुढे बोला.

‘गुड मॉर्निंग’ची एक सोय मान्य करायला हवी. त्यात ‘कसा आहेस’, ‘कशी आहेस’ की ‘कसे आहात’ हा पेच नाही. नव्या किंवा वरिष्ठ सहकाऱ्याशी मराठीत बोलताना पुरुष असेल तर ‘कसे आहात’ आणि स्त्री असेल तर ‘कशा आहात’ म्हणावं लागतं.

हिंदीत मात्र जपून. मराठीतला आपुलकीचा ‘तू’ आपण सहज हिंदीत नेतो आणि ‘तू कैसा है?’ विचारतो. मुंबईत ते खपतं. लखनऊच्या सहकाऱ्याला तो उद्धटपणा वाटू शकतो, आणि नव्या ओळखीत ती तसं तोंडावर सांगणारही नाही. तिच्याशी ‘आप’नेच सुरुवात करा. ‘तुम’वर कधी यायचं ते तिला ठरवू द्या.