आवाज डिलेचा, संशय डिस्टॉर्शनवर

एका गिटारवादकाच्या पायाशी पाच पेडल आहेत असं समजा. गिटारकडून निघालं की आधी ट्यूनर, मग वा, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि शेवटी डिजिटल डिले. पाचही ९ व्होल्टच्या एकाच अडॅप्टरवर चालतात. त्याच्या वायरला ओळीने पाच तोंडं आहेत, म्हणून वादक तिला डेझी चेन म्हणतात. डिस्टॉर्शन बंद असेपर्यंत सगळं शांत असतं. ते दाबलं, की वाजवणं थांबल्यावरही अँपमधून डासासारखी बारीक शिट्टी येत राहते. पुन्हा पाय दिला की शिट्टी गायब. निकाल तिथल्या तिथे लागतो: डिस्टॉर्शन पेडल खराब आहे.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. डिस्टॉर्शनचं कामच मुळी आलेला सिग्नल कित्येक पट मोठा करून त्याची टोकं छाटणं हे आहे. हा गेन शंभर पट धरला, तर त्याच्या तोंडाशी आलेला ०.२ मिलिव्होल्टचा कचरा पलीकडे २० मिलिव्होल्ट होऊन बाहेर पडतो. पेडल बंद असताना तोच कचरा तिथे असतो, फक्त ऐकू येण्याइतका मोठा नसतो. डिस्टॉर्शनने चोर पकडून दिला, आणि आळ त्याच्यावरच आला.

खरा चोर शोधायला दोन मिनिटं पुरतात. डिस्टॉर्शनला अडॅप्टरऐवजी ९ व्होल्टची बॅटरी लावायची. शिट्टी गेली, तर ती वीजपुरवठ्यातून येत होती. मग पुन्हा डेझी चेनवर आणून डिलेची फक्त पॉवरची पिन काढायची आणि डिस्टॉर्शनची केबल थेट अँपमध्ये घालायची. इथे शांतता झाली, की उगम सापडला. ओळीत सगळ्यात शेवटी बसलेलं पेडल त्याच्या आधीच्या पेडलमध्ये आवाज सोडत होतं.

शेवटचं पेडल मागे कसं पोचतं? पेडलबोर्डवर साखळ्या दोन असतात. एक सिग्नलची, जी डोळ्यांना दिसते आणि जिच्याबद्दल सगळे बोलतात. दुसरी विजेची. डिलेमधली डिजिटल चिप क्लॉकच्या तालावर चालते आणि वीज सलग न घेता झटक्यांनी ओढते. हा प्रवाह ऋण तारेने अडॅप्टरकडे परततो. पण ऋण तार आणि पॅच केबलवरची जाळी दोन्ही पेडलच्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे परतीला दोन रस्ते मिळतात आणि थोडा प्रवाह जाळीतून जातो. जाळीला अगदी थोडा का होईना, रोध असतो. त्यावर पडलेला चिमूटभर व्होल्टेज गिटारच्या सिग्नलमध्ये मिसळतो. हाच तो ग्राउंड लूप. शिवाय सामायिक धन तारेवरचे झटके वेगळेच. सिग्नलची केबल काढूनही शिट्टी राहत असेल, तर दोष या दुसऱ्या वाटेचा. इलाज मात्र दोन्हींवर एकच आहे: डिलेला वेगळी वीज द्यायची.

इथे एक लोकप्रिय सल्ला आडवा येतो, की पेडलचा क्रम बदलून पाहा. क्रमाने विजेची साखळी बदलत नाही, म्हणून शिट्टीचा उगमही जात नाही. क्रमाने एवढंच ठरतं की कोणता कचरा कोणत्या गेनमधून जाईल. डिले डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला, तर त्याच्या स्वतःच्या बाहेर पडणाऱ्या सिग्नलमधली खरखरही शंभर पट होणार. उलट ठेवला तर ती तशीच लहान राहते.

तरी ‘योग्य क्रम’ नावाचा काही कायदा आहे, हाही गैरसमजच. मॉड्युलेशन डिस्टॉर्शनच्या नंतर, असं पुस्तकी उत्तर सांगतं. एडी व्हॅन हेलनचा फेझ ९० अँपच्या आधी होता आणि डिस्टॉर्शन अँपमध्येच तयार व्हायचं, म्हणजे क्रम नेमका उलटा. जिमी हेंड्रिक्स वा, मग फझ फेस, मग युनिव्हाइब असा वाजवायचा. फझ फेसची गंमत अशी, की त्याला गिटारचा पिकअप थेट लागतो. मध्ये बफर असलेला ट्यूनर आला, तर फझचा आवाज कर्कश होतो आणि गिटारची आवाजाची कळ कमी करून तो स्वच्छ करण्याची युक्तीही नीट चालत नाही. जुन्या जर्मेनियम फझची आणखी एक खोड आहे: त्यांतल्या अनेकांत धन टोक ग्राउंडला असतं. असं पेडल डेझी चेनवर लावलं, तर पॅच केबलच्या जाळीतून अडॅप्टर सरळ शॉर्ट होतो. त्याला बॅटरी किंवा पूर्ण वेगळं आउटपुटच हवं.

मोठा अडॅप्टर घेतला की आवाज जाईल, असंही सांगितलं जातं. पेडल लागेल तेवढाच प्रवाह घेतं. साधं अ‍ॅनालॉग डिस्टॉर्शन १० मिलिअँपिअरच्या आसपास भागवतं, मोठं डिजिटल पेडल ३०० पर्यंत मागू शकतं. अडॅप्टर कमी पडत असेल तर वाढवण्यात अर्थ आहे. तो आधीच पुरेसा असेल, तर २ अँपिअरचा आणूनही सामायिक तार सामायिकच राहते. (जास्त अँपिअरने पेडल जळतं, ही भीतीही खोटी. जाळतो तो चुकीचा व्होल्टेज किंवा उलटा ध्रुव.)

मग येतो ‘आयसोलेटेड’ असा छापील दावा. आठ भोकं असलेली पेटी दिसली की ती आयसोलेटेड असणार, असं धरलं जातं. कित्येक स्वस्त पेट्यांमध्ये प्रत्येक भोकाला शॉर्ट सर्किटपासून संरक्षण असतं, पण ऋण टोक सगळ्यांचं एकच. ती डब्यात बसवलेली डेझी चेनच. तपासणी सोपी आहे. पेटी भिंतीपासून सोडवायची, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा आणि दोन आउटपुटला लावलेल्या वायरींच्या आतल्या टोकांना सळ्या टेकवायच्या. पेडलच्या नेहमीच्या जोडणीत मधलं टोक ऋण असतं, बाहेरचं धन. मीटर वाजला, तर छापील शब्दाला अर्थ नाही.

मीटर हाती धरण्याआधी कानाने ऐकलेलं बरं, कारण सगळा नको असलेला आवाज विजेच्या पेटीतून येत नाही. जाड घरघर असेल आणि वादक गिटारसकट जागेवर वळल्यावर ती कमी-जास्त होत असेल, तर सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. पॉवर सप्लाय कितीही महाग घ्या, फरक पडणार नाही. सतत वाहत्या नळासारखा ‘सूंऽऽ’ म्हणजे हिस, आणि तो मुख्यतः गेनचा असतो. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन दोन्ही चालू असतील, तर त्यांच्या गेनचा गुणाकार होतो. नॉइज गेट हा हिस काढत नाही, सूर नसताना दार लावतो एवढंच. म्हणून तो डिस्टॉर्शननंतर आणि डिलेच्या आधी ठेवतात. डिलेनंतर ठेवला तर विरत जाणाऱ्या प्रतिध्वनींचं शेपूट कापलं जातं.

एका जुगाडाला मात्र हात लावू नये. अँपच्या थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन मोडली की ग्राउंड लूप कधीकधी तुटतो आणि घरघर थांबते. पण अँपमध्ये दोष निर्माण झाला, तर करंट वादकाच्या अंगातून वाट काढतो. ३ मे १९७२ रोजी स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच गेला. अँप आणि पेडलबोर्ड अर्थिंग असलेल्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्याने बरीचशी घरघर तशीही कमी होते.

आपल्या पाच पेडलवाल्या वादकाला महागड्या पेटीची गरज नाही. अ‍ॅनालॉग वा, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन ही तीन पेडल जुन्या डेझी चेनवर बिनतक्रार राहतात. डिलेला त्याचा स्वतःचा ९ व्होल्टचा अडॅप्टर द्यायचा. ट्यूनरही डिजिटल असतो, म्हणून तो काढून एकदा ऐकायचं आणि फरक पडला तरच त्यालाही वेगळं करायचं. शिट्टी जाईल. ओव्हरड्राइव्हचा गेन थोडा उतरवला की सूंऽऽही खाली येईल. घरघर उरलीच, तर अँपकडे तोंड करून उभं राहण्याऐवजी थोडं तिरकं उभं राहायचं.