‘वेळेवर आणि पूर्ण’ कसे मोजतात?

हिशेब खरेदी ऑर्डरच्या एकेका ओळीचा असतो. ठरलेल्या तारखेपर्यंत त्या ओळीवर आलेल्या मालाच्या सगळ्या जीआरएन नोंदींची बेरीज करायची. ती ऑर्डरइतकी भरली तर ओळ पास, नाहीतर नापास. अर्धे गुण नाहीत.

समजा, महिन्यात 10 ओळी होत्या, प्रत्येकी 500 बोल्ट. सात ओळी चोख. आठवीवर वेळेत 480 आले, उरलेले 20 पुढच्या आठवड्यात. नववी पूर्ण, पण दोन दिवस उशिरा. दहावीची मुदत 15 तारीख, जीआरएन 17 ची. म्हणजे 70 टक्के?

थांबा. दहावीचा ट्रक 14 लाच गेटवर आला होता. स्टोअरने नोंद उशिरा केली. गेट एंट्रीची तारीख धरली की आकडा 80 होतो. आठवी मात्र नापासच, 20 नगांसाठी का होईना.

एक पळवाटही असते: उशीर दिसताच ऑर्डरमधली तारीखच पुढे ढकलली जाते आणि आकडा आपोआप सुधारतो. म्हणून पुरवठादाराने मूळ कबूल केलेली तारीख वेगळ्या रकान्यात जपा. तारीख आपल्याच मागणीवरून बदलली असेल, तरच नवी धरा.

आढाव्याच्या बैठकीआधी नापास ओळींची यादी पुरवठादाराला पाठवा. नुसती टक्केवारी नको.