तळ बदलावा की बूट?

बुटाचा तळ झिजला की बहुतेकांना आधी आठवते ती किंमत. महाग होता, तर दुरुस्त करू. स्वस्त होता, तर नवा घेऊ. हा हिशेब पुष्कळदा चुकतो. सात हजारांचा बूट दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला असू शकतो आणि दीड हजारांच्या बुटाला अडीचशे रुपयांचा तळ लावणं फायद्याचं ठरू शकतं. खरे प्रश्न दोनच आहेत. तळ संपला तेव्हा बाकीचा बूट धड आहे का? आणि जुना तळ काढून नवा लावता येईल अशी त्याची बांधणी आहे का?

बुटाचे मुख्य भाग तीन. वर दिसतं ते चामडं, जमिनीला लागतो तो बाहेरचा तळ आणि या दोघांच्या मध्ये, आतल्या मऊ गादीखाली, असतो तो इनसोल. चांगल्या बुटात हे तीन भाग वेगवेगळ्या वेळी झिजतात. रोजच्या वापरात बाहेरचा तळ दोन-तीन वर्षांत जातो, पण नीट निगा राखलेलं चामडं दहा वर्षंही टिकतं. म्हणूनच तळ बदलण्यात अर्थ असतो. स्वस्त बुटात मात्र तिन्ही भाग थोड्याफार अंतराने एकत्रच संपतात. वरचं रेक्झिन बोटांच्या घडीवर सोलवटतं, पुठ्ठ्यासारखा इनसोल घामाने फुगून मधोमध मोडतो. अशा बुटाला तळ कितीही चांगला लावला, तरी तो लावायचा कशावर हा प्रश्न उरतोच.

आता बांधणी. उत्तम चामडी बुटांत ‘गुडइयर वेल्ट’ ही पद्धत वापरतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या कामासाठी यंत्र आलं आणि ते पुढे आणणाऱ्या चार्ल्स गुडइयर धाकटे यांचं नाव पद्धतीला चिकटलं. यात चामड्याची एक अरुंद पट्टी बुटाच्या कडेने फिरवून वरच्या चामड्याला आणि इनसोलला शिवतात. बाहेरचा तळ शिवला जातो तो फक्त या पट्टीला. त्यामुळे तळ बदलताना बाहेरची शिवण उसवली, की तळ सुटून येतो आणि वरच्या चामड्याला नवं भोक पडत नाही. कारागीर आतला दबलेला बुचाचा थर खरवडून नवा भरतो, नवा तळ चिकटवतो, पट्टीवर पुन्हा शिवतो, टाच बसवतो आणि कडा घासून रंगवतो. असा बूट तीन-चार वेळा सहज नवा तळ घेतो.

दुसरी पद्धत ब्लेक शिवणीची. इथे एकच टाका इनसोलमधून थेट बाहेरच्या तळात उतरतो. आतली गादी उचलून पाहिली, तर कडेकडेने शिवण दिसते. हाही तळ बदलता येतो, पण दर वेळी इनसोलला नवी भोकं पडतात, म्हणून एकदोनदाच.

आपल्या बाजारातले बहुतेक बूट मात्र तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे नुसते चिकटवलेले असतात. त्यांच्या कडेला दिसणारी शिवण फसवी असू शकते. बारीक नजरेने पाहा. खरा दोरा नखाला लागतो, प्रत्येक टाका वेगळा जाणवतो. रबरातच कोरलेली शिवण सलग गुळगुळीत लागते. चिकटवलेल्या बुटाचाही तळ बदलता येतो, पण वरचं चामडं अस्सल आणि इनसोल धड असेल तरच तो खर्च करावा. साच्यात थेट बुटावर ओतलेला तळ असेल, तर त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

कपाटात जपून ठेवलेला बूट लग्नाच्या दिवशी काढावा आणि हॉलमध्ये पोचेपर्यंत तळाचा चुरा व्हावा, हा अनुभव अनेक घरांत आलेला असतो. असा तळ पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. हवेतला ओलावा त्याचे रासायनिक बंध हळूहळू तोडतो. कोकणात, मुंबईत, पावसाळ्याच्या दमट हवेत हे लवकर होतं आणि बूट वापरला नाही म्हणून थांबत नाही. अशा तळाला गोंद लावून उपयोग नाही, कारण गोंद धरेल असं घट्ट काही उरलेलंच नसतं. पण वरचं चामडं चांगलं असेल आणि तळ चिकटवलेला असेल, तर सगळा पीयू खरवडून रबरी तळ बसवता येतो.

मोच्याकडे जाण्याआधी घरीच तीन गोष्टी तपासा. बूट बोटांपाशी वाकवा: बारीक सुरकुत्या चालतील, पण चामड्याला आरपार भेग असेल तर थांबा. गादी उचलून इनसोल दाबा: तो मोडलेला किंवा भुसभुशीत नको. मग तळाच्या मध्यावर, चवड्याखाली अंगठा दाबा. तिथे मऊ लागलं, तर तळ बदलायची वेळ आली.

आता पैशांचा हिशेब. समजा, चार वर्षांपूर्वी नऊ हजारांना घेतलेला वेल्टचा बूट आहे, चामडं आणि इनसोल उत्तम. पूर्ण तळ आणि टाच मिळून कारागीर अडीच हजार सांगतो. हे नवा स्वस्त बूट घेण्यापेक्षा महाग वाटतं. पण नवा तळ तीन वर्षं चालेल, म्हणजे वर्षाला सुमारे 830 रुपये. दीड हजारांचा बूट वर्षभर टिकत असेल, तर तो वर्षाला दीड हजारांनाच पडतो. दुरुस्ती इथे स्पष्ट जिंकते. जुने नऊ हजार या हिशेबात धरायचेच नाहीत, ते खर्च होऊन गेले. दुरुस्तीचा खर्च भागिले वाढलेली वर्षं, एवढंच पाहायचं. त्याच न्यायाने, स्वस्त बुटाचं वरचं अंग अजून सहा महिने नक्की चालणार असेल, तर अडीचशेचा अर्धा तळही परवडतो. मात्र नऊ हजार घालून बूट घेताना, त्यात दहा वर्षांतल्या दोनतीन दुरुस्त्या मिळवल्या, तर एकूण खर्च स्वस्त बुटांच्या जवळपासच जातो. तिथे फायदा पैशांपेक्षा पायाच्या आरामाचा असतो.

काम कुणाला द्यायचं, तेही महत्त्वाचं. अर्धा तळ, टाच, सुटलेली कड ही कामं कोपऱ्यावरचे गटई कामगार उत्तम करतात. चांगला कारागीर जुना पृष्ठभाग आधी घासून खरखरीत करतो, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावतो, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबतो आणि मगच दाबतो. घाई केली, तर महिनाभरात पुढची कड उचलते. चवड्याखाली, जिथे बूट वाकतो, तिथे खिळे मारू देऊ नका. ते आत वर येतात. वेल्टचा पूर्ण तळ मात्र शिवणयंत्र आणि बुटाच्या मापाचा साचा असलेल्याकडेच द्यावा.

चांगले बूट वाया जातात ते बहुधा उशिरामुळे. तळाला भोक पडल्यावरही चालत राहिलं, की पाणी बुचाच्या थरात आणि इनसोलमध्ये शिरतं आणि तळाचं काम अख्ख्या बुटावर येतं. टाचेचंही तसंच. सर्वांत खालचा रबरी थर संपेपर्यंत ती काहीशे रुपयांत बदलते. त्याच्या वरचे थर तिरके झिजले, की सगळी टाच नवी बांधावी लागते. म्हणून पावसाळ्याआधी एकदा बूट उलटे करून पाहा आणि अंगठा मऊ जागी रुतला, तर त्याच आठवड्यात काम करून घ्या.