फोटोतला अर्थसंकल्प, तक्त्यातले आकडे

ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाच्या पानाचा फोटो तक्त्यात उतरवताना आधी रकान्यांचे मथळे वाचावेत. एकाच पानावर सहसा गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद आणि पुढच्या वर्षाचा अंदाज शेजारीशेजारी असतो. म्हणजे शेजारचे दोन आकडे वेगवेगळ्या वर्षांचे! त्यांची वजाबाकी करून ‘निधी पडून राहिला’ म्हणणे चूकच. ज्या वर्षाची तरतूद, त्याच वर्षाचा खर्च जमाखर्चाच्या पत्रकातून घ्यावा. तक्त्यात लेखाशीर्ष, वर्ष, तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि पान क्रमांक एवढे रकाने पुरतात.

फोटो वरून, सरळ धरून काढावा. फोटोतून मजकूर ओळखणारी साधने देवनागरी आकड्यांत मात्र फसू शकतात. कधी १ चा ९ होतो, कधी ५ चा ६.

चूक पकडते ती बेरीज.

समजा दिवाबत्तीला 1,20,000, पाणीपुरवठ्याला 2,15,000 आणि स्वच्छतेला 80,000 रुपये आहेत. पानावरची एकूण रक्कम 4,15,000. तक्त्याची बेरीज मात्र 4,95,000 येते. फरक 80,000, म्हणजे दहा हजारांच्या घरात आठचा. १ चा ९ झाला की नेमका आठचाच फरक पडतो. त्या घरात १ असलेला आकडा पाणीपुरवठ्याचाच, तोच 2,95,000 वाचला गेला आहे.

बेरीज मूळ पानावरच चुकलेली असेल, तर आकडे जसेच्या तसे ठेवून शेऱ्यात तसे लिहावे. कोरा रकाना कोराच ठेवावा, तिथे शून्य भरू नये.