मान्य तेवढं आधी द्या

माजी कर्मचाऱ्याच्या वकिलाची नोटीस आली की मालकाचा पहिला मसुदा बहुधा ‘सर्व आरोप खोटे आहेत’ असा असतो. तो वकिलाकडे पाठवण्याआधी हिशेब मांडावा.

समजा, नोकरी 7 वर्षं 8 महिने झाली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून वर्षं आठ. 26,000 ला 26 ने भागून 15 ने गुणलं की 15,000. आठ वर्षांची ग्रॅच्युइटी 1,20,000. नोटिशीत 1,80,000 मागितले आहेत, कारण घरभाडे भत्त्यासह 39,000 धरले. उत्तरात हा फरक आकड्यांनी दाखवावा, 1,20,000 मान्य करून लगेच द्यावेत आणि फक्त उरलेली मागणी नाकारावी. तीस दिवस उलटले असतील तर व्याजही द्यावं लागतं.

‘नोटीस पीरियड न भरल्याने ग्रॅच्युइटी रोखली’ हे वाक्य मात्र खोडाच. त्या कारणाने ती रोखता येत नाही. वकिलाने शब्द न् शब्द तपासायचा तो यासाठीच: सहीनिशी दिलेली कबुली पुढे पुरावा ठरते, मुदतीत असलेल्या देण्याची मुदतही तिथून नव्याने मोजली जाते.