खातं उडवायचं ते सर्वात शेवटी

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या १९ वर्षांच्या एका मुलीने ७ मे २०२५ रोजी ऑपरेशन सिंदूरविषयीची दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट इन्स्टाग्रामवर पुढे टाकली. टीका सुरू होताच दोन तासांत तिने ती काढली, माफीही मागितली. तोवर स्क्रीनशॉट गावभर झाले होते. तिला अटक झाली आणि कॉलेजनेही काढून टाकलं. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देऊन कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली, तेव्हा कुठे तिचा परीक्षेचा मार्ग मोकळा झाला.

ती पोस्ट योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. आईवडिलांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की बोभाटा झाल्यावर पोस्ट काढून फारसं काही साधत नाही. कुणाचं लक्ष नसताना काढली, तरच ती खरी जाते. त्यासाठी बारावीची परीक्षा आणि प्रवेश यांच्यामधली सुट्टी बरी.

उगाच घाबरून जायचंही कारण नाही. आपल्याकडे इंजिनिअरिंगचा कॅप राउंड गुणांवर चालतो. सीईटी सेलमध्ये कुणी मुलांचं इन्स्टाग्राम उघडून बसत नाही. अडचण येते ती पुढे. कॉलेजात कुणाशी बिनसलं आणि त्याने जुनी कमेंट शोधून प्राचार्यांकडे नेली, तर. किंवा मुलाखतीआधी कंपनीतल्या कुणी नाव गुगलवर टाकून पाहिलं, तर. म्हणजे साफसफाई करायची ती अनोळखी माणसाला काय दिसतं, हे धरून.

समजा, रोह्याजवळच्या निडी गावातला सतरा वर्षांचा मुलगा आहे. त्याला लोणेरेला किंवा पुण्याला जायचंय. आई शेजारी बसली आहे आणि मोबाइल मुलाच्याच हातात आहे. हे महत्त्वाचं. आईने मोबाइल ओढून घेतला, की मुलगा दुसरं खातं सांगतच नाही.

पहिलं काम डिलीट करण्याचं नाही, यादी करण्याचं. मुलाला आठवतात दोन खाती, निघतात पाच. जीमेलच्या शोधपट्टीत verify आणि welcome हे शब्द टाकले, की विसरलेल्या नोंदण्यांचे मेल वर येतात. मोबाइलमध्ये साठवलेले पासवर्ड passwords.google.com वर दिसतात. मग आईच्या मोबाइलवरून, कुठेही लॉगिन न करता, मुलाचं नाव आणि त्याची जुनी युजरनेम गुगलवर टाकायची. जे काही सापडेल त्याची लिंक वहीत किंवा नोट्समध्ये उतरवायची. ती पुढे लागणार आहे.

या शोधात आपल्या मुलाचे फोटो थेट गुगलवर दिसले. खातं तर त्याचं साधंच, मग हे कसं? झालं असं, की कोरोनाच्या काळात, अकराव्या वर्षी, त्याने इन्स्टाग्राम काढलं. किमान वय तेरा, म्हणून जन्मसाल मागचं टाकलं, आणि टाकलं ते चांगलं सात वर्षं मागचं. त्यामुळे इन्स्टाग्रामच्या लेखी तो आज सज्ञान आहे. अल्पवयीनांसाठीच्या 'टीन अकाउंट'चं संरक्षण त्याला मिळालंच नाही. पुढे रील किती जणांनी पाहिलं ते कळावं म्हणून त्याने खातं 'क्रिएटर' करून घेतलं. जुलै २०२५ पासून अठरा वर्षांवरील अशा प्रोफेशनल खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गुगलसारख्या शोधयंत्रांना दिसू शकतात. लहानपणीची एक थाप अशी आज अंगाशी येते. उपाय सोपा आहे: खातं पुन्हा पर्सनल करायचं आणि प्रायव्हेट ठेवायचं.

आता काढण्याचं काम. आधी Accounts Center मधून स्वतःच्या माहितीची प्रत उतरवून घ्यायची, म्हणजे शाळेचे, आजीचे फोटो हाताशी राहतात. मग Your activity मध्ये जायचं. इथे पोस्ट, लाइक आणि कमेंट वेगवेगळ्या दिसतात आणि एकावेळी बऱ्याच निवडून काढता येतात. पालक फोटोंवर अडकतात, पण बहुतेकदा घात करतात त्या कमेंटच. एखाद्या मिरवणुकीच्या किंवा क्रिकेटच्या रीलखाली आईबहिणीवरून, जातीवरून टाकलेली ओळ.

"हे कुणी लिहिलंय रे?"

"मीच. तेव्हा सगळेच लिहायचे."

आईने इथे थांबून भाषण दिलं, तर पुढच्या दोनशे कमेंट तशाच राहतील. बोलायचं ते नंतर.

काढलेली पोस्ट लगेच नष्ट होत नाही. Recently deleted मध्ये ती ३० दिवस पडून असते. तिथूनही काढावी लागते. दुसऱ्याने टाकलेल्या फोटोतून आपला टॅग निघतो, फोटो मात्र राहतो. त्यासाठी त्या मित्रालाच फोन करावा लागतो. आणि पोस्ट गेली तरी गुगलच्या निकालात तिची जुनी ओळ काही काळ रेंगाळते. गुगलच्या Refresh Outdated Content या पानावर ती लिंक दिली, की ती हटवण्याची विनंती जाते. वहीतली यादी कामी येते ती इथे.

खातं आधीच उडवलं असतं, तर काय बिघडलं असतं? काही ठिकाणी बरंच. रेडिटवर खातं उडवलं की नाव जातं, लिहिलेलं तसंच राहतं आणि ते काढायची किल्ली आपल्याकडे उरत नाही. म्हणून आधी मजकूर, मग खातं.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्यायचा. पोलिसांत तक्रार गेली असेल किंवा चौकशीला बोलावलं असेल, तर काहीही काढायचं नाही. पुरावा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेनुसार स्वतंत्र गुन्हा आहे. तिथे आधी वकील. दुसरं ठिकाण अमेरिकेचा व्हिसा. तिथल्या डीएस-१६० अर्जात मागच्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांवरची नावं विचारतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आपली खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. बंद केलेलं खातंही पाच वर्षांच्या आत वापरलेलं असेल तर लिहावं लागतं. लपवलं तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणून उडवलेल्या खात्यांची युजरनेम आणि तारखा जपून ठेवायच्या.

कायद्याचा आधार? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली. तोवर भिस्त ॲपमधल्या बटणांवरच.

शेवटी राहिलं ते मीम पेज. आपल्या मुलाने तीन मित्रांबरोबर काढलेलं, पासवर्ड चौघांकडे. इन्स्टाग्राम खातं डिलीट करायला टाकलं, की ३० दिवस थांबतं. त्यात कुणीही लॉगिन केलं तर डिलीट रद्द करता येतं. एखाद्या मित्राने सवयीने आत शिरून तसं केलं, की पेज परत जिवंत. म्हणून आधी पासवर्ड बदलायचा, सगळ्या मोबाइलवरून लॉग आउट करायचं, मित्रांना तसं सांगायचं आणि मगच डिलीट. एकतिसाव्या दिवशी आईने आपल्या मोबाइलवर ते नाव पुन्हा शोधायचं. सापडलं, तर कुणीतरी आत गेलंय, हे समजायचं.